फ्लॅट आणि सोने असताना पेन्शन कशाला?

प्रश्न: माझे वय ६०, पत्नीचे ५८. राहते घर स्वतःचे आहे. दुसरा फ्लॅट भाड्याने दिलाय आणि बऱ्यापैकी सोने आहे. पेन्शन मात्र दोघांनाही नाही. फ्लॅट आणि सोन्याची किंमत धरली तर आमचा तीस वर्षांचा खर्च सहज निघतो, वर भाडे येतेच. मग पेन्शन योजनेत पैसे अडकवण्यात काय अर्थ? तिचा परतावाही कमीच दिसतो.

उत्तर:

तुमची बेरीज चुकलेली नाही. ती मालमत्तेची बेरीज आहे, उत्पन्नाची नाही, एवढाच फरक आहे. पण निवृत्तीचा सगळा हिशोब त्या फरकावर फिरतो. तो आकड्यांत मांडून पाहू. तुमच्या महिन्याच्या घरखर्चाला १०० धरा आणि बाकीचे आकडे त्याच मापात मोजा, म्हणजे रक्कम कितीही असली तरी हिशोब लागू पडेल.

समजा फ्लॅटची किंमत ३०,००० आहे, म्हणजे ३०० महिन्यांचा खर्च. सोने ६,००० चे आहे, म्हणजे ६० महिन्यांचा. एकूण ३६० महिने, तुमची ती तीस वर्षे. फ्लॅटचे भाडे वर्षाला किमतीच्या ३ टक्के धरू. ते महिन्याला ७५ होते. ऐकायला छान वाटते, पण हातात ७५ पडत नाहीत. भाडेकरू बदलताना वर्षाकाठी सरासरी एक महिना घर रिकामे राहते, तिथे ६ गेले. देखभाल, स्थानिक कर आणि दुरुस्त्या मिळून १२ धरा. भाड्यावरचा आयकर ५ धरा. उरले ५२. म्हणजे दर महिन्याला ४८ ची तूट, आणि ती सोने मोडून भरायची.

सोने मोडायला गेलात की ६,००० चे ६,००० मिळत नाहीत. दागिन्यांची घडणावळ परत मिळत नाही, डाग आणि खडे वजनातून वजा होतात, शुद्धता तपासल्यावर पुन्हा थोडे कमी होते. हातात ५,२०० येतील असे समजू. वर्षाची तूट ५७६. सोन्याचा भाव, भाडे आणि महागाई हातात हात घालून वाढत राहिले असे मानले, तरी हे सोने ९ वर्षे पुरते. तुमच्या ६९ व्या वर्षी ते संपते.

मग फ्लॅट विकायचा. फ्लॅटची एक खोली विकून वर्ष ढकलता येत नाही, तो सगळाच एकदम विकावा लागतो. दलाली, कागदपत्रे आणि नफ्यावरचा कर धरून १२ टक्के गेले तर आजच्या मोलाने २६,४०० हातात येतात. आता भाडेही नाही, त्यामुळे पूर्ण १०० खर्च यातूनच. ही रक्कम महागाईएवढे व्याज कमावत राहिली तर २२ वर्षे पुरते. तुम्ही तेव्हा ९१ चे असाल, पत्नी ८९ ची.

कागदावर हे वाईट नाही, हे मी मुद्दाम आधी सांगतोय. ‘फ्लॅट आणि सोने असेल तर म्हातारपणी हाल’ असे सरसकट म्हणणे खोटे आहे. कमकुवतपणा बेरजेत नसून या आराखड्याच्या घडणीत आहे. सगळ्यात मोठा व्यवहार तो तुम्हाला ६९ व्या वर्षी करायला लावतो, तोही सोने संपल्यावर, म्हणजे थांबण्याची ऐपत उरलेली नसताना. आणि शेवटी तो शून्यावर येतो.

ज्याला थांबता येत नाही त्याला भाव सोडावा लागतो. घ्यायला आलेल्या माणसाला हे दोन भेटींत कळते. त्या वर्षी बाजार थंड असेल, किंवा इमारत जुनी झाली म्हणून किंमत आजच्या मोलाने २० टक्के कमी आली, तर वरचेच गणित असे होते: ३०,००० चे २४,०००, खर्च वजा जाता २१,१२०. ते साडेसतरा वर्षे पुरतात. तुम्ही ८६ चे, पत्नी ८४ ची, आणि हातात राहते घर सोडून काही नाही. फक्त एका व्यवहारात चार-साडेचार वर्षे गेली.

बाजार इतका वाईट होत नाही, असे वाटत असेल तर घरांचा इतिहास पाहा. जपानमध्ये १९९१ च्या सुमारास जमिनीचे भाव शिखरावर होते, त्यानंतर ते वर्षानुवर्षे उतरत राहिले. आयर्लंडमध्ये २००७ नंतरच्या पाच-सहा वर्षांत घरांच्या किमती जवळपास निम्म्यावर आल्या. शिवाय हे देशभरातले सरासरी आकडे आहेत. तुमचा फ्लॅट एकच, एका इमारतीत, एका गल्लीत. शेजारी गोंगाटाचा पूल झाला किंवा इमारतीच्या मालकीचा वाद कोर्टात गेला, तर सरासरी वाढली तरी तुमच्या फ्लॅटला त्याचा उपयोग नाही.

सोन्याबद्दल लोकांच्या मनात जास्त खात्री असते, म्हणून एक उदाहरण पुरते पाहा. जानेवारी १९८० मध्ये सोन्याने औंसाला ८५० डॉलरचा भाव गाठला. १९९९ मध्ये ते २५० डॉलरच्या आसपास होते. पुन्हा ८५० ओलांडायला २००८ उजाडले. म्हणजे त्या शिखरावर साठीत निवृत्त झालेला माणूस ८८ वर्षांचा होईपर्यंत भाव केवळ आकड्याने बरोबरीला आला, मधल्या २८ वर्षांची महागाई वेगळीच. २०११ मध्येही १,९०० च्या आसपास गेलेले सोने २०१५ च्या अखेरीस १,०५० च्या जवळ उतरले होते. मधल्या काळात सोन्याने भरघोस वाढही दिली आहे, हे खरेच. प्रश्न एवढाच की कमावत्या माणसाला पडलेल्या भावात थांबता येते, आणि दर महिन्याला सोने मोडून किराणा भरणाऱ्याला थांबता येत नाही. भाव अर्धा झाला की त्याच तुटीसाठी दुप्पट ग्रॅम जातात. गेलेले ग्रॅम पुढे भाव वाढला तरी परत येत नाहीत. आपल्या उदाहरणात खर्च ५ टक्क्यांनी वाढत गेला आणि सोने नुसते जागेवर थांबले, तरी ९ वर्षांचा साठा साडेसात वर्षांत संपतो.

आता ‘पेन्शनचा परतावा कमी दिसतो’ या मुद्द्याकडे वळू. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा गैरसमज हाच आहे. आजन्म पेन्शनमध्ये, म्हणजे ॲन्युइटीत, व्याजापलीकडे आणखी एक गोष्ट मिळते आणि ती फ्लॅट किंवा सोने कधीच देऊ शकत नाही.

८० वर्षांच्या १०० जणांनी प्रत्येकी १,००० एकत्र ठेवले असे समजा. वर्षभरात ५ टक्के व्याज मिळून निधी १,०५,००० झाला. त्या वर्षात ५ जण वारले असे धरू. ठरल्याप्रमाणे निधी हयात असलेल्या ९५ जणांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला १,१०५ येतात. ५ टक्के व्याजाच्या ठेवीवर साडेदहा टक्के. गटाचे वय आणखी वाढले आणि वर्षाला १० जण जाऊ लागले, तर हाच आकडा १,१६६ च्या पुढे जातो. व्याज वाढलेले नाही. जे गेले त्यांचा वाटा राहिलेल्यांना मिळाला. पेन्शन कंपनी हेच करते, फक्त दरवर्षी वाटप करण्याऐवजी आधीच हिशोब करून आयुष्यभराचा एकच हप्ता ठरवते. तुम्ही एकट्याने पैसे सांभाळता तेव्हा ९५ पर्यंत जगलो तर काय, या भीतीने एकतर जपून खर्च करावा लागतो किंवा पैसे आधीच संपतात. गटात सरासरी आयुष्याएवढे पैसे ठेवून प्रत्येकाला शेवटपर्यंत पुरतात.

हा धोका गटात न वाटता एकट्याने अंगावर घेतला तर काय होते, याचे फ्रान्समधले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. आर्ल गावच्या झान काल्माँ या बाईंनी १९६५ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी, आपले घर एका वकिलाला दिले. करार असा की त्या हयात असेपर्यंत त्याने दरमहा २,५०० फ्रँक द्यायचे आणि त्यांच्यानंतर घर त्याचे. वकील तेव्हा ४७ वर्षांचा होता. तो १९९५ मध्ये वारला. तोवर घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक पैसे देऊन झाले होते, आणि त्याच्यानंतर हप्ते त्याच्या बायकोने भरले. बाई १९९७ मध्ये १२२ व्या वर्षी गेल्या. घराचे पेन्शनमध्ये रूपांतर केल्याने त्यांचे काहीच बिघडले नाही. वकिलाजवळ मात्र असे शंभर करार नव्हते, एकच होता. तुम्ही फ्लॅट आणि सोन्यावर निवृत्ती उभी करता तेव्हा तुम्ही त्या वकिलाच्या जागी असता. किती वर्षे पैसे द्यायचे ते माहीत नाही, आणि सोबत वाटून घ्यायला कोणी नाही.

तुमच्याच आकड्यांचा दुसरा आराखडा असा. आधी खर्चाचे दोन भाग करा: अन्न, औषधे, वीज, घराची देखभाल, विमा असा न टळणारा भाग, आणि प्रवास, भेटी, हौस असा टाळता येणारा. बहुतेक घरांत पहिला भाग ६० ते ७० निघतो, आपण ६५ धरू. तेवढ्यापुरतीच पेन्शन घ्यायची. फ्लॅट आत्ता, घाई नसताना विकायचा. चांगल्या गिऱ्हाइकासाठी वर्ष-दीड वर्ष थांबलात तरी भाडे चालूच आहे. हातात २६,४०० आले. दोघांच्या हयातीपर्यंत चालणारी आणि महागाईप्रमाणे वाढणारी पेन्शन साठीच्या वयात सुरुवातीला ३.५ टक्के देते असे उदाहरणापुरते धरू. महिन्याला ६५ म्हणजे वर्षाला ७८०, त्यासाठी साधारण २२,३०० लागतात. उरले ४,१००, त्यात सोन्याचे ५,२००, मिळून ९,३००. हौसेचा ३५ चा भाग यातून २२ वर्षे निघतो, म्हणजे तुमच्या ८२ पर्यंत.

दोन्ही आराखडे शेजारी ठेवा. पहिल्यात सगळे सुरळीत झाले तर पूर्ण १०० खर्च ९१ पर्यंत चालतो आणि मग काहीच उरत नाही. दुसऱ्यात पूर्ण खर्च ८२ पर्यंतच चालतो, पण त्यानंतरही न टळणारे ६५ दोघांपैकी शेवटचा माणूस जाईपर्यंत येत राहतात, मग ते ९६ असो की १०१. दुसरा आराखडा फुकट नाही, त्याची किंमत ही अशी मोजावी लागते. हौसेचा खर्च ऐंशीनंतर बहुतेकांचा आपोआप उतरतो, त्यामुळे मला हा सौदा परवडणारा वाटतो. औषधांचा खर्च मात्र उतरत नाही, चढतो. म्हणून तो पहिल्या भागात धरायचा.

महागाईप्रमाणे वाढणारी पेन्शन सगळीकडे मिळत नाही. मिळते ती बहुधा ठरावीक रकमेची, सुरुवातीला ६ टक्क्यांच्या आसपास दिसणारी. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. ६ टक्के पाहून ७८० साठी १३,००० गुंतवले आणि निर्धास्त झाले, तर ५ टक्के महागाईत पंधरा वर्षांनी त्या ६५ चे मोल ३१ उरते. यावर उपाय टप्प्याटप्प्याने घेण्याचा. आज १३,००० ची घ्या, बाकीचे सुरक्षित ठेवींत ठेवा, आणि सत्तरीत दुसरा टप्पा घ्या. तोवर ६५ चा खर्च १०६ झालेला असतो, म्हणजे वर्षाला ४९२ कमी पडतात. पण वय वाढल्याने दरही वाढलेला असतो. तो साडेसात टक्के मिळाला तर साधारण ६,५०० त ही तूट भरते. तिसरा टप्पा ऐंशीच्या आत. वाढत्या वयाबरोबर तेवढ्याच रकमेत जास्त पेन्शन मिळते ती वरच्या १०० जणांच्या गणितामुळेच. टप्प्यांचा आणखी एक फायदा म्हणजे सगळी रक्कम एकाच दिवसाच्या व्याजदराला बांधली जात नाही.

पेन्शन घेताना फॉर्मवरच्या दोन-तीन खुणांवर सगळे अवलंबून असते. पहिली म्हणजे एकाच्या हयातीपुरती की दोघांच्या. एकाच्या नावाची पेन्शन जास्त दिसते, म्हणून बरेच नवरे ती निवडतात, आणि त्यांच्यानंतर बायकोचे उत्पन्न त्याच महिन्यात थांबते. दोघांची घेतलीत तरी जोडीदाराला पूर्ण रक्कम की निम्मी, ते लेखी पाहा. एकट्या माणसाचा खर्च निम्मा होत नाही, तो साधारण दोन तृतीयांश तरी राहतो. दुसरी खूण म्हणजे मुद्दल परतीचा पर्याय. ‘तुमचे पैसे मुलांना परत मिळतील’ हे ऐकायला गोड आहे, पण मुद्दल परत द्यायचे म्हणजे गेलेल्यांचा वाटा राहिलेल्यांना मिळत नाही, आणि उरते ते जवळपास नुसते व्याज. मुलांसाठी ठेवायचे असेल तर ते उरलेल्या रकमेतून आणि घरातून ठेवा, पेन्शनमधून नको. लवकर गेलो तर पैसे बुडतील ही धाकधूक असेल तर १० वर्षांच्या हमीचा पर्याय पाहा, म्हणजे तुम्ही आधी गेलात तरी १० वर्षे पूर्ण होईपर्यंत पेन्शन वारसांना मिळत राहते. त्याने पेन्शन फारशी घटत नाही. तुलना करताना किमान तीन कंपन्यांना एकच रक्कम, एकच तारीख आणि एकच पर्याय देऊन महिन्याला हातात किती पडेल तेवढेच विचारा. टक्के विचारलेत की प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीचे टक्के सांगतो. कंपनी बुडाल्यास तुमच्याकडे सरकारी हमी आहे का, आणि किती रकमेपर्यंत, तेही पाहा. मर्यादा असेल तर दोन कंपन्यांत विभागून घ्या.

पेन्शन न घ्यावी अशीही घरे असतात. दोघांपैकी कोणाला आयुष्य कमी करणारा आजार असेल तर साधी पेन्शन तोट्याची. काही देशांत आजारी माणसाला जास्त दराची पेन्शन मिळते, तेवढी चौकशी करावी. सरकारी किंवा नोकरीच्या पेन्शनमधून ६५ चा भाग आधीच निघत असेल तर आणखी घ्यायची गरज नाही, मग सोने आणि फ्लॅट खुशाल ठेवा. आणि एकूण मालमत्ता खर्चाच्या मानाने फारच मोठी असेल, म्हणजे ८००-९०० महिन्यांची, तर पैसे संपण्याचा धोकाच जवळपास उरत नाही.

फ्लॅट विकायचाच नसेल, तर निदान भाड्याचा हिशोब नीट करा. गेल्या पाच वर्षांत प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम, रंगकाम, गळती, लिफ्टचा वाढीव हप्ता आणि रिकामे महिने वजा करून, वर्षाला किती होते ते लिहून काढा. करार आणि खाते दोघांच्या नावावर आहे का ते तपासा. मालकी एकाच्याच नावावर असेल तर त्याच्यानंतर वारसनोंद होईपर्यंत घर विकता येत नाही, आणि भाडेकरूही ‘नक्की कोणाला द्यायचे’ म्हणून भाडे अडवून धरू शकतो. त्या मधल्या काळासाठी वर्षभराचा खर्च पत्नीच्या स्वतःच्या खात्यात रोख असू द्या.

सोन्यातले जे मोडायचे ठरले असेल ते दागिने आणि जे मोडायचे नाहीत ते, असे आजच वेगळे करा आणि फक्त पहिला ढीग हिशोबात धरा. बहुतेक घरांत हा ढीग अंदाजाच्या निम्माही नसतो. राहते घर मात्र दोन्ही आराखड्यांत मी बाहेर ठेवले आहे. पंचाहत्तरीनंतर पैसे कमी पडू लागले तर त्याच घरात राहून त्यावर हप्त्याने कर्ज घेण्याची सोय, म्हणजे रिव्हर्स मॉर्गेज, काही बँका देतात. घराच्या पूर्ण किमतीवर ती मिळत नाही आणि व्याज साचत जाते, म्हणून ती साठीत घेण्याची गोष्ट नाही.